ईएमआयमध्ये फरक फक्त २३ रुपयांचा, पण करारात १२ महिने जास्त : एका होम लोनचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसभावाचं आणि वहिनीचं आहे, दोघांची परवानगी घेऊनच लिहितेय. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण असं कुठल्याही बँकेत होऊ शकतं. मी आधी काही वर्षं लोन ऑपरेशन्सला काम केलंय, सँक्शन झालेल्या फाइलचे अ‍ॅग्रीमेंट तयार करायचे, त्यामुळे कुठे काय निसटतं ते मला आतून माहितीये.

नाशिकला टू बीएचके, लोन ३५ लाख, भाऊ मुख्य अर्जदार आणि वहिनी सहअर्जदार. सँक्शन लेटर आलं १८ डिसेंबर २०२४ ला. त्यात व्याजदर ८.६० टक्के फ्लोटिंग, मुदत २४० महिने, ईएमआय ३०,५९६ रुपये, प्रोसेसिंग फी लोनच्या ०.३५ टक्के म्हणजे १२,२५० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण १४,४५५. यातले ३,५४० रुपये अर्ज करतानाच लॉगिन फी म्हणून घेतलेले होते आणि ते प्रोसेसिंग फीमध्ये वळते होतील असं लेटरमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणजे द्यायचे राहिले १०,९१५.

९ जानेवारी २०२५ ला सह्यांसाठी ब्रँचला बोलावलं. मी वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं की भरलेला ड्राफ्ट दोन दिवस आधी मेलवर माग. तिने मागितला तर उत्तर आलं की अ‍ॅग्रीमेंट स्टँडर्ड असतो, सगळ्यांना तोच असतो, इथे आल्यावर बघा. आता हे अर्धं खरं आहे. अ‍ॅग्रीमेंटची पहिली तीस-पस्तीस पानं खरंच सगळ्यांना सारखीच छापलेली असतात, त्यात तुमचं काहीच नसतं. तुमचं जे असतं ते शेवटच्या शेड्यूलमध्ये, दोन-चार पानांचा तक्ता, त्यात रक्कम, दर, महिने, ईएमआय, फी. म्हणून मी तिला म्हटलं की तिथे गेल्यावर पहिल्या पानापासून सुरुवात करू नकोस, थेट शेड्यूल उघड आणि फोटो काढून मला पाठव, तोपर्यंत पेन हातात घेऊ नका. आणि शेड्यूलचे रकाने कोरे असतील तर तर अजिबातच नाही, कारण कोऱ्या रकान्यात नंतर काय भरलं जाईल त्याच्यावर तुमची सही आधीच झालेली असते.

रकाने भरलेले होते. वहिनीने फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘ताई, ईएमआय बरोबर आहे, २३ रुपयांचा फरक आहे, साहेब म्हणतायत राउंडिंग आहे, करू का सही?’

ईएमआय होता ३०,६१९. सँक्शनमध्ये ३०,५९६.

इथेच थांबायला हवं होतं आणि आम्ही थांबलो. राउंडिंगने ईएमआय एक रुपयाने हलतो. काही बँका वरच्या दहाच्या किंवा शंभराच्या पटीत नेतात, पण मग आकडा ३०,६०० असा गोल येतो. ३०,६१९ हा गोल आकडा नाही, तो कशातून तरी हिशोबाने आलेला आकडा आहे. म्हणून मी फोटो मोठा करून बाकीच्या ओळी वाचल्या. दर ८.८५ टक्के, मुदत २५२ महिने.

म्हणजे दर पाव टक्का वाढलेला आणि मुदत एक वर्षाने लांबलेली, आणि दोन्ही मिळून ईएमआय जवळपास होता तिथेच. मुदत २४० च राहिली असती तर ८.८५ ला ईएमआय आला असता ३१,१५४, म्हणजे महिन्याला ५५८ रुपये जास्त, आणि ते भावाच्या लगेच लक्षात आलं असतं कारण घरखर्चाचा हिशोब तो ईएमआयवरच करून बसलेला. सगळ्यांचंच तसं असतं, आपण ईएमआय पाठ करतो, दर अंदाजाने लक्षात ठेवतो आणि महिने तर ‘वीस वर्षं’ एवढंच डोक्यात असतं, २५२ हा आकडा बघून एकवीस वर्षं पटकन डोक्यात येत नाही. सँक्शनच्या आकड्यांनी एकूण भरणा ७३,४३,०४०, शेड्यूलच्या आकड्यांनी ७७,१५,९८८. फरक ३,७२,९४८ रुपये. दर पुढे बदलत राहणार हे खरं, त्यामुळे हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, पण दोन कागदांमधलं अंतर केवढं आहे ते यावरून कळतं.

हे तपासायला माझ्यासारखं कुणी ओळखीचं असायची गरज नाही. दर, महिने आणि ईएमआय हे तिन्ही एकमेकांत अडकलेले असतात, दोन माहीत असले की तिसरा आपोआप येतो. मोबाइलवर कुठल्याही शीटमध्ये या दोन ओळी टाकायच्या:

```
=PMT(8.60%/12, 240, -3500000)
=NPER(8.85%/12, -30619, 3500000)
```

पहिली ओळ ईएमआय देते, ३०,५९६ च्या किंचित खाली. दुसरी सांगते की ८.८५ टक्क्याने ३०,६१९ चा हप्ता किती महिने चालेल, तर २५२. आणि हेही जमत नसेल तर परतफेडीच्या तक्त्याची पहिली ओळ बघा, त्यात व्याज आणि मुद्दल वेगळं दिलेलं असतं. ३५ लाखावर ८.६० टक्क्याने पूर्ण एका महिन्याचं व्याज होतं २५,०८३, आणि ८.८५ ने २५,८१३. त्या एका रकान्यावरून दर उघडा पडतो. फक्त आधी लोनची रक्कम जुळवून घ्या, कधी कधी इन्शुरन्सचा हप्ता लोनमध्येच मिसळलेला असतो आणि मग सगळेच आकडे हलतात. इथे रक्कम बरोबर ३५ लाखच होती.

मग प्रश्न आला की दर का वाढला. वहिनीने समोरच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले मॅडम फ्लोटिंग आहे, बदलतो. हे उत्तर ऐकून नव्वद टक्के लोक गप्प बसतात कारण फ्लोटिंग म्हणजे बदलणारा हे सगळ्यांना माहीत असतं. पण फ्लोटिंगमध्ये बदलतं काय हे बघायला पाहिजे. बँकांची फ्लोटिंग होम लोन ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेली असतात, बहुतेक ठिकाणी तो रेपो रेट, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर असतो, आणि दराचे दोन तुकडे असतात, रेपो आणि त्यावर बँकेचा स्प्रेड. सँक्शन लेटरमध्ये लिहिलं होतं रेपो ६.५० अधिक स्प्रेड २.१०. शेड्यूलमध्ये रेपो ६.५० अधिक स्प्रेड २.३५. रेपो फेब्रुवारी २०२३ पासून ६.५० वरच होता, १८ डिसेंबरलाही तोच आणि ९ जानेवारीलाही तोच. म्हणजे फ्लोटिंगचा जो भाग तरंगतो तो जागचा हललेलाच नव्हता, जो भाग साधारणपणे लोनभर सोबत राहतो तोच बदलला होता.

आणि म्हणून मला तो पाव टक्का जास्त खुपला. रेपो उद्या कमी होईल तेव्हा सगळ्यांचाच दर कमी होईल, पण स्प्रेड एकदा सही केला की तो तुमच्याच डोक्यावर. लोन चालू झाल्यावर बँकेने स्प्रेड मनाला येईल तसा वाढवू नये यासाठी आरबीआयचे नियम आहेत, पण ते सही झालेल्या स्प्रेडला लागू होतात, आणि सहीच २.३५ वर केली तर तोच तुमचा मूळ स्प्रेड. (हाउसिंग फायनान्स कंपनीकडून लोन असेल तर रेपोऐवजी त्यांचा स्वतःचा प्राइम रेट आणि त्यातून वजा सूट अशी मांडणी असते, तिथे ती सूट दोन्ही कागदांवर सारखी आहे का ते बघायचं, कारण नुसता प्राइम रेट बघून काहीच कळत नाही.)

साहेबांनी मग दुसरं कारण दिलं, सँक्शन डिसेंबरच्या ऑफरमध्ये होतं, ऑफर ३१ ला संपली, जानेवारीचा रेट हा आहे. हे कारण खरं असू शकतं, काही सँक्शन लेटरमध्ये तशी अट असते की पहिलं डिस्बर्समेंट, म्हणजे लोनचे पैसे देणं, अमुक तारखेच्या आत झालं तरच हा दर, आणि तशी अट असेल तर आपल्याला फार बोलता येत नाही. म्हणून मी वहिनीला म्हटलं सँक्शन लेटरचं मागचं पान वाच, अटी तिथे असतात. तिने तिथेच ब्रँचमध्ये बसून वाचलं. लेटर ६० दिवस वैध, आणि ‘बेंचमार्कमध्ये बदल झाल्यास दर बदलेल’. बेंचमार्कमध्ये, बाकी कशात नाही. ऑफर, ३१ डिसेंबर, असलं काहीच नाही.

दुसरा कागद होता केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट. हा आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. आरबीआयने १५ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नवीन रिटेल लोनना सहीच्या आधी हा कागद देणं बंधनकारक झालं, त्यात दर, सगळ्या फी, एपीआर आणि परतफेडीचा तक्ता एका ठराविक नमुन्यात असतो आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा. यांना तो सँक्शनसोबत मिळाला होता, त्यात स्प्रेड २.१०, मुदत २४० आणि एपीआर ८.६६. एपीआर म्हणजे फी धरून पडणारा खरा दर, म्हणून तो ८.६० पेक्षा थोडा वर.

पण यात एक बारीक गोष्ट आहे आणि तीच इथे कामाला आली. केएफएसमधल्या अटी बँकेवर कायमच्या बंधनकारक नसतात. त्याला एक वैधता असते, सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या लोनला किमान तीन कामाचे दिवस, आणि त्या काळात तुम्ही होकार दिला तर त्या अटी बँकेला बांधून ठेवतात. होकार दिलाच नाही आणि तीन आठवड्यांनी गेलात तर बँक म्हणू शकते की तो कागद संपला. वहिनीने २० डिसेंबरला, म्हणजे दोन दिवसांत, सँक्शन लेटरच्या आणि केएफएसच्या प्रतीवर दोघांच्या सह्या करून ब्रँचला दिल्या होत्या आणि स्वतःकडच्या प्रतीवर पोचेचा शिक्का तारखेसकट घेतला होता. तो शिक्का तिने कुणाच्या सांगण्यावरून घेतला नव्हता, ती शाळेत क्लार्क आहे आणि कुठलाही कागद दिला की पोच घ्यायची ही तिची रोजची सवय. मी एवढी वर्षं फाइली बघितल्यात, पण एका शिक्क्याने एवढं काम केलेलं क्वचितच बघितलंय.

फीचा भाग तेवढा गुंतागुंतीचा नव्हता पण सोडण्यासारखाही नव्हता. शेड्यूलमध्ये प्रोसेसिंग फी १२,२५० अधिक जीएसटी, १४,४५५ अशीच होती, म्हणजे वरवर बरोबर. पण वळते करायचे ३,५४० कुठेच दाखवलेले नव्हते, पूर्ण १४,४५५ डिस्बर्समेंटच्या वेळी कापायचे असं होतं. आणि खाली नवीन ओळ, डॉक्युमेंटेशन चार्जेस ४,००० अधिक जीएसटी, ४,७२०. ही ओळ सँक्शनमध्ये नव्हती, केएफएसमध्येही नव्हती. केएफएसमध्ये नसलेला चार्ज कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लोनच्या कुठल्याच टप्प्यावर घेता येत नाही, असं त्याच परिपत्रकात आहे. आणि शेड्यूलवर सही केली असती तर ती सहीच संमती म्हणून दाखवली गेली असती. दोन्ही मिळून ८,२६० रुपये जात होते.

इथे भाऊ जरा डगमगला, त्याचंही बरोबर होतं. बिल्डरला २० तारखेच्या आत पैसे द्यायचे होते, फ्रँकिंग झालेलं होतं, साहेब म्हणाले आता कागद रद्द केला तर चार-पाच दिवस जातील, तुम्ही सही करा, मी नंतर सिस्टिममध्ये रेट करेक्ट करून देतो. तो माणूस वाईट नव्हता, कदाचित त्याने केलंही असतं. पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक कलम होतं, मी वहिनीला ते शोधायला लावलं, शेवटून चौथ्या पानावर सापडलं, की मंजुरीपत्र आणि हा करार यात तफावत असेल तर करार ग्राह्य धरला जाईल. असं कलम बऱ्याच करारांत असतं. म्हणजे सही झाल्या क्षणी ते २.१० वालं सँक्शन लेटर बाजूला पडलं असतं, आणि ‘नंतर करेक्ट करतो’ याला कागदावर आधार काय राहिला असता? मी फोनवर भावाला एवढंच सांगितलं की चार दिवस उशीर झाला तर बिल्डरला एक फोन करावा लागेल, २.३५ वर सही झाली तर पुढची एकवीस वर्षं कुणाला फोन करणार आहेस?

त्यांनी सही केली नाही. वहिनीने तिथूनच ब्रँचच्या मेलवर लिहिलं, आणि मेल मुद्दाम छोटा ठेवला: सँक्शन आणि केएफएसमध्ये स्प्रेड २.१०, शेड्यूलमध्ये २.३५, रेपोत बदल नाही. मुदत २४० ऐवजी २५२. लॉगिन फी ३,५४० वळती नाही. डॉक्युमेंटेशन चार्ज केएफएसमध्ये नाही. आमची स्वीकृती २० डिसेंबरची, पोच जोडली आहे. दुरुस्त शेड्यूल द्यावं, आणि स्प्रेड बदलला असेल तर कोणत्या अटीनुसार ते लेखी कळवावं. भांडण नाही, धमकी नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पण ते आम्ही मेलमध्ये लिहिलंसुद्धा नाही, गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रँच मॅनेजरचा फोन आला आणि काय झालं होतं ते कळलं. अ‍ॅग्रीमेंट तयार करणाऱ्या टीमने फाइल ४ जानेवारीला उघडली, तोवर सिस्टिममध्ये नवीन महिन्याचा रेटचा तक्ता चढलेला, तिथून २.३५ आपोआप उचलला गेला. त्या दराने २४० महिन्यांचा ईएमआय आला ३१,१५४, आणि क्रेडिट विभागाने भावाच्या पगारावरून आणि चालू गाडीच्या हप्त्यावरून जो जास्तीत जास्त ईएमआय मंजूर केला होता तो ३१,००० होता. सिस्टिम पुढे जाईना. मग करणाऱ्याने दर का बदलला हे न बघता मुदत वाढवून ईएमआय मर्यादेत बसवला आणि फाइल पुढे ढकलली. मी स्वतः त्या खुर्चीवर बसलेय, महिनाअखेरीच्या फाइली साचलेल्या असतात आणि लाल मेसेज आला की तो कसा घालवायचा एवढंच दिसतं, त्यामुळे मला हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. पण वाईट वाटलं, कारण चुकीचा दर पकडणारी एकमेव पायरी तीच होती आणि तिथेच मुदत ओढून चूक झाकली गेली. फसवायचा हेतू कुणाचाच नव्हता, आणि तरी नुकसान पावणेचार लाखांच्या घरातलं झालं असतं.

१३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, दुरुस्त शेड्यूल मेलवर आलं. स्प्रेड २.१०, २४० महिने, ३०,५९६, फी १४,४५५ वजा ३,५४०, डॉक्युमेंटेशनची ओळ गायब. आम्ही एक गोष्ट जास्तीची मागितली, सँक्शन लेटर आणि केएफएस अ‍ॅग्रीमेंटला जोडपत्र म्हणून लावा आणि त्यावरही दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. ते त्यांनी दिलं. संक्रांत झाल्यावर १५ तारखेला सह्या झाल्या, १७ ला चेक निघाला, बिल्डरची तारीख पाळली गेली.

सही झाल्यावरही दोन गोष्टी बघितल्या. अ‍ॅग्रीमेंटची जोडपत्रांसकट पूर्ण प्रत मागून घेतली, ती देणं बँकेचं काम आहे, आणि तिच्यातलं शेड्यूल मेलवर आलेल्याशी ओळ न् ओळ ताडून बघितलं. मग लोन अकाउंट उघडल्यावर पहिलं स्टेटमेंट काढलं, कारण कागद बरोबर असून सिस्टिममध्ये जुनाच आकडा राहिलेला मी पाहिलाय. त्यात व्याज १७ जानेवारीपासूनच मोजलेलं होतं, सह्यांच्या तारखेपासून नाही, आणि कापलेली फी १०,९१५ होती.

त्यानंतर ७ फेब्रुवारी २०२५ ला रेपो ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६, आणि ६ जूनला ५.५०. यांचं रीसेट तीन महिन्यांनी. जुलैत बँकेचं रीसेटचं पत्र आलं तेव्हा वहिनीने फोटो पाठवला, आकड्यावर पेनने गोल केलेला, ७.६०. खाली तिच्याच अक्षरात बेरीज मांडलेली, ५.५० अधिक २.१०.